फ्लो डायग्राममधला क्लोरीनचा पहिला बाण

जलशुद्धीकरण केंद्राचा फ्लो डायग्राम सिव्हिलच्या विद्यार्थ्याला पाठ असतो. पाणी उचलणारी जॅकवेल, पाण्याला हवा लावणारा एरेटर, तुरटी मिसळणारा फ्लॅश मिक्सर, गाळ खाली बसवणारा क्लॅरिफ्लॉक्युलेटर, फिल्टर, शुद्ध पाण्याचा संप, उंच टाकी, नळ. पण मराठवाड्यातल्या चार केंद्रांच्या आकृत्या शेजारी ठेवून पाहा. चौकोन तेच असतात, एक बाण मात्र जागा बदलतो. क्लोरीनचा शेवटचा बाण, फिल्टरनंतरचा, सगळीकडे एकाच ठिकाणी असतो. पहिला कुठे जॅकवेलवर असतो, कुठे एरेटरपाशी, कुठे क्लॅरिफ्लॉक्युलेटरच्या पुढे, आणि कुठे काढलेलाच नसतो. केंद्रावरची माणसं त्याला नुसतं ‘प्री’ म्हणतात, शेवटच्याला ‘पोस्ट’. तोंडी परीक्षेत “प्री कुठे मारायचा?” असं विचारलं की पोरं गडबडतात. त्यांचा दोष नाही, या बाणावर जाणत्यांचंही एकमत नाही.

चौकोन ज्या क्रमाने काढतात, त्या क्रमाने ते जन्माला आलेले नाहीत. तुरटी फिरवून किंवा निवळीचं बी उगाळून गढूळ पाणी खाली बसवणं आपल्याकडे फार जुनं. औरंगाबादेत मलिक अंबरची नहर सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आली, पण तिथे काम पाणी आणण्याचं होतं, शुद्ध करण्याचं नव्हे. वाळूच्या फिल्टरमधून गावाला पाणी पुरवायला १८०४ मध्ये स्कॉटलंडमधल्या पेस्लीत सुरुवात झाली, १८२९ मध्ये लंडनमध्ये टेम्सच्या पाण्यासाठी मोठा फिल्टर आला. हे मंदगती फिल्टर. आज आपण काढतो तो जलदगती फिल्टर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत रुजला. त्याला तुरटीशिवाय चालता येत नाही, म्हणून त्याच्या आधीचे दोन-तीन चौकोन त्याच्यासोबतच आले. क्लोरीन सगळ्यात शेवटी आला. १८९७ मध्ये इंग्लंडच्या मेडस्टनमध्ये टायफॉइडच्या साथीत तात्पुरता, आणि १९०८ पासून अमेरिकेच्या जर्सी सिटीत कायमचा. पोस्ट हा मूळ बाण. प्री नंतर चिकटवलेला आहे, आणि तो का चिकटवला हे कळलं की बाकीची आकृती बोलायला लागते.

त्यासाठी दहा एमएलडीचं, म्हणजे दिवसाला एक कोटी लिटरचं, तालुक्याच्या गावाचं केंद्र डोळ्यांसमोर आणू. धरण १८ किलोमीटरवर, तिथून केंद्रापर्यंतची पाइपलाइन, म्हणजे रायझिंग मेन, ४५० मिलिमीटर व्यासाची, पंप दिवसाचे २० तास चालतात. म्हणजे ताशी ५०० घनमीटर पाणी. त्या पाइपात मावतं सुमारे २,८६० घनमीटर. भागाकार करा: जॅकवेलवर उचललेला थेंब केंद्रावर यायला साधारण पावणेसहा तास लागतात. आकृतीत ही फक्त एक रेघ आहे. पण तिथे क्लोरीन सोडला तर हीच रेघ सगळ्यात मोठी अभिक्रिया-टाकी होते.

आता उन्हाळा घ्या. जायकवाडीची एकूण क्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर, त्यातला ७३८ मृतसाठा. २०१६ सारख्या साली पाणी मृतसाठ्याच्याही खाली जातं, मांजरा तर त्या वर्षी कोरडीच पडली होती. मधल्या पातळीवरून पाणी घ्यायची सोय जॅकवेलला असते. पण पाणीच उरलं नाही की वरची हिरवी साय आणि तळाचा गाळ एकाच झडपेतून येतात. सायीसोबत शेवाळ येतं, गाळासोबत अमोनिया आणि मँगेनीज.

शेवाळाची एक खोड विद्यार्थ्याने स्वतः मोजून पाहावी अशी आहे. दिवसा ऊन असताना शेवाळ पाण्यातला कार्बन डाय-ऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे सकाळी ७.८ असलेला पीएच दुपारी ९ च्या आसपास जातो. तुरटीला त्यापेक्षा खालचा पीएच मानवतो. नवाला गाळाच्या गाठी नीट धरत नाहीत. पण तक्रार दुपारच्या पाळीची नसते. दुपारी तीनला उचललेलं पाणी फ्लॅश मिक्सरला पोचतं रात्री पावणेनऊला. रात्रीचा ऑपरेटर सांगतो, “साहेब, रात्री तुरटी लागूच पडत नाही,” आणि सगळे तुरटीच्या लॉटला शिव्या घालतात. तुरटीचा डोस ठरवायची जार टेस्ट सकाळी अकराला होते, त्यात सगळं ठीक असतं. ती रात्री नऊच्या पाण्यावर घ्यायला हवी, हे आकृतीतल्या त्या रेघेने सांगितलेलं असतं.

पुढचे चौकोन पटकन. एरेटरच्या पायऱ्यांवरून पडताना वास, वायू उडतात, लोखंडाला हवा लागते. शेवाळावर त्याचा काही उपयोग नाही. क्लॅरिफ्लॉक्युलेटरमध्ये गाठी मोठ्या होऊन दोन-अडीच तासांत खाली बसायला हव्यात, पण शेवाळ धरलेली गाठ तरंगते आणि वाहून फिल्टरवर येते. चांगल्या दिवसांत २४ तास चालणारा फिल्टर मग सहा-आठ तासांतच तुंबतो. बॅकवॉशला, म्हणजे फिल्टर उलट्या प्रवाहाने धुवायलाच, इतकं पाणी जातं की टाक्या भरत नाहीत.

म्हणूनच प्री आला. आधीच क्लोरीन सोडला तर शेवाळ मरतं, भिंतींवर चिकटा धरत नाही, फिल्टर जास्त चालतात. जॅकवेलवर सोडला तर पावणेसहा तासांचा संपर्क फुकटात मिळतो. विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांत हाच शिरस्ता होता. मग १९७४ मध्ये हॉलंडमधून निष्कर्ष आला, की नदीच्या पाण्यातल्या कुजक्या सेंद्रिय पदार्थांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्म आणि त्याची भावंडं तयार होतात. तेव्हापासून सल्ला उलटा: घाण आधी खाली बसवा, क्लोरीन नंतर द्या. आपल्या २०१२ च्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात क्लोरोफॉर्मची मर्यादा ०.२ पीपीएम, म्हणजे लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम, आहे, पण ती मोजायचं यंत्र तालुक्याच्या केंद्रावर नसतं. शिवाय निळं-हिरवं शेवाळ क्लोरीनने फुटलं की त्याच्या पोटातला मातकट वास आणि कधी विषही पाण्यात उतरतं. बाण पुढे सरकवणाऱ्यांचं म्हणणं असं खरंच वजनदार आहे.

तरी माझा कल मागे ठेवण्याकडे आहे. जॅकवेलवर नाही, एरेटरपाशी, आणि फक्त मार्च ते जून. कारण या चार महिन्यांत आपल्या केंद्रांचं खरं दुखणं क्लोरोफॉर्म नसतं, अमोनिया असतो. त्याची गोष्ट १९३९ च्या सुमारास उलगडली आणि आजही निम्म्या केंद्रांवर पोचलेली नाही.

अमोनिया असलेल्या पाण्यात क्लोरीन टाकला की तो आधी त्याच्याशी जोडला जातो. असा जोडलेला क्लोरीन जंतू मारतो, पण फार संथ. अजून टाकत गेलं की जोडी मोडते, शिल्लक क्लोरीन वाढायच्या ऐवजी घटतो, तळ गाठतो, आणि तिथून पुढे टाकलेलाच मोकळा उरतो. या तळाला ब्रेकपॉइंट म्हणतात. एका भाग अमोनिया-नायट्रोजनला हिशेबाने सुमारे ७.६ भाग क्लोरीन लागतो, प्रत्यक्षात आठ ते दहा.

मी एका गावच्या केंद्रावर होतो तेव्हाचा मे महिना. नाव सांगत नाही. कच्च्या पाण्यात अमोनिया-नायट्रोजन ०.४ पीपीएम. एकूण क्लोरीनचा डोस अडीच पीपीएम. गावातून तक्रार आली, “पाण्याला औषधाचा वास येतोय, डोळे चुरचुरतात.” ऑपरेटरने सरळ विचार केला: क्लोरीन जास्त झाला. डोस दोनवर आणला, वास गेला, तक्रारी थांबल्या. क्लोरीनची शिल्लक रंगावरून दाखवणाऱ्या ओटी टेस्टला पिवळा रंग झकास येत होता. पण टोकाच्या गल्लीतले नमुने प्रयोगशाळेत नापास होत राहिले.

आम्ही पाच बाटल्या भरल्या, प्रत्येकीत टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं, द्रावण वाढत्या मापाने घातलं, अर्ध्या तासाने शिल्लक मोजली. १ पीपीएमला ०.८ उरला, २ ला १.६. ऑपरेटर म्हणाला, “बघा, चढतोय.” मग ३ ला ०.५. तो बाटली उन्हाकडे धरून बघतच राहिला. ४ ला ०.७, ५ ला १.६. दोनच्या आणि पाचच्या बाटलीत आकडा एकच, १.६, पण दोनमधला सगळा जोडलेला होता, पाचमधला बहुतेक मोकळा.

ओटीने हे लपवलं, कारण ओटी दोन्ही क्लोरीनला पिवळं करतं. फरक वेळेचा असतो. मोकळा क्लोरीन असेल तर रंग दहा सेकंदांत भरतो, जोडलेला असेल तर तो हळूहळू चढत जातो आणि पंधरा मिनिटांनी पूर्ण दिसतो. आमच्याकडे चहा येईपर्यंत नळी स्टँडवर ठेवून मग वाचायची पद्धत होती. आणि वास? तो ब्रेकपॉइंटच्या अलीकडे, जोडी अर्धवट मोडलेली असताना सगळ्यात उग्र असतो. म्हणजे अडीचवरून दोनवर नाही, चारच्या पुढे जायचं होतं. आम्ही साडेचार केला. दहा एमएलडीला ४५ किलो क्लोरीन; टीसीएलमध्ये २५ टक्के क्लोरीन धरला तर १८० किलो पावडर रोज. आधीच्या ८० किलोवरून ही उडी होती, आणि महिन्याची खरेदी वरिष्ठांकडून मंजूर करून घेताना बाटल्यांचाच कागद पुढे ठेवावा लागला.

साडेचारपैकी साडेतीन आम्ही एरेटरपाशी दिला, एक फिल्टरनंतर. अमोनिया मोडायचं काम प्रीने क्लॅरिफ्लॉक्युलेटरच्या दोन तासांत उरकलं, त्यामुळे पोस्टला फक्त वितरणातली शिल्लक सांभाळायची उरली. सगळा पोस्टला दिला असता तर संपात तो अर्धा तासच मिळाला असता आणि वास थेट नळाला गेला असता. क्लोरोफॉर्मचं काय, असं विचारणारे बरोबर विचारतात. पाऊस पडला, अमोनिया उतरला, तसा आम्ही प्री बंद केला.

वितरणाचा शेवटचा बाणही आकृतीत जिथे संपतो तिथे आपल्याकडे संपत नाही. मानक सांगतं, नळाला मोकळा क्लोरीन ०.२ पीपीएम हवा. चोवीस तास पाणी असलेल्या शहरात हे पुरतं. ज्या गल्लीत आठ दिवसांनी पाणी येतं, तिथे मधल्या सात दिवसांत रिकाम्या पाइपात गटाराचं पाणी झिरपतं, आणि भरलेला हौद, ड्रम, रांजण आठवडाभर तसाच वापरला जातो. ०.२ ची शिल्लक हौदात दुसऱ्या दिवशीही दिसत नाही. म्हणून नमुना घेताना पाणी आल्या आल्या पहिल्या पाच मिनिटांचा एक, अर्ध्या तासानंतरचा एक, आणि त्याच घरच्या हौदातला चौथ्या दिवशीचा एक, असे तीन घ्यावेत. पहिला नापास आणि दुसरा पास असेल तर दोष पाइपात. दोन्ही नापास असतील तर बाटल्या पुन्हा भराव्यात आणि ओटीची नळी दहाव्या सेकंदाला वाचावी.