विमानतळावर परदेशी पाहुणा घ्यायला ड्रायव्हर पाठवताना: गाडी, कागदपत्रं आणि सूचनांची चिठ्ठी

पुण्यातून मुंबई विमानतळावर पाहुणे आणायला गाड्या पाठवण्याचं काम मी करतो. पाहुणे बहुतेक चाकणच्या कारखान्यांत येणारे परदेशी इंजिनिअर असतात. त्यांची विमानं सहसा मध्यरात्रीनंतर उतरतात. ड्रायव्हरला इंग्रजी जेमतेम येतं, आणि पाहुण्याचा फोन भारतात उतरल्यावर चालेलच असं नाही. म्हणजे दोघांची गाठ पडायची ती आधी लिहून दिलेल्या चिठ्ठीवरच. ती चिठ्ठी कशी लिहायची आणि तिच्याआधी काय तपासायचं, ते इथे सांगतो.

कोणती गाडी, कोणता ड्रायव्हर

भाडं घेऊन माणूस न्यायचा असेल तर गाडी पिवळ्या पाटीचीच लागते, म्हणजे पिवळ्या नंबरप्लेटवर काळी अक्षरं, आणि गाडी विजेवरची असेल तर हिरव्या नंबरप्लेटवर पिवळी अक्षरं. ओळखीच्या कुणाची पांढऱ्या पाटीची गाडी आयत्या वेळी पाठवायचा मोह होतो, तो टाळा. परमिट नसलेल्या गाडीतून भाडं नेल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२अ नुसार पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि गाडीत परदेशी माणूस असताना हे घडलं तर निस्तरणं फार अवघड जातं.

गाडीत आरसी, परमिट, फिटनेस, विमा आणि पीयूसी हवं. ड्रायव्हरजवळ लायसन्स हवं. हे सगळं डिजिलॉकरमध्ये किंवा एम-परिवहनमध्ये असेल तरी कायद्याने चालतं, पण मी छापील संचही ठेवायला सांगतो, कारण घाटात आणि पार्किंगच्या तळमजल्यावर नेटवर्क जातं. जास्त लक्ष द्यावं लागतं ते फिटनेसकडे. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. जुन्या गाडीचा मालक 'मागच्याच वर्षी केलंय' असं म्हणाला की तारीख स्वतः वाचून घ्या.

ड्रायव्हरच्या बाबतीत माझी एकच अट आहे आणि ती मी कधी मोडत नाही. ज्याने दिवसभर ड्युटी केली आहे त्याला रात्रीच्या पिकअपला पाठवायचं नाही. विमान रात्री एकला उतरलं तर पाहुणा बाहेर येऊन गाडीत बसेपर्यंत अडीच वाजतात. त्यानंतर घाट चढून पुण्यात पोचायला पहाटेचे साडेपाच होतात. ही झोपेची सगळ्यात गाढ वेळ. विश्रांती घेतलेला ड्रायव्हर मिळत नसेल तर पाहुण्याला विमानतळाजवळच्या हॉटेलात ठेवा आणि सकाळी निघा.

तारीख कशी लिहायची

एकदा माझ्याच हातून चूक झाली. तिकिटावर १४ तारीख, उतरण्याची वेळ ००:५० असं होतं. मी ड्रायव्हरला लिहून दिलं, 'बुधवार १४ तारीख, रात्री १२.५०'. तो बिचारा बुधवारी जेवून वेळेवर निघाला आणि बरोबर चोवीस तास उशिरा पोचला. पाहुणा आदल्या रात्री दोन तास उभा राहून, दिसेल ती टॅक्सी पकडून गेला होता. ड्रायव्हरचं काहीच चुकलं नव्हतं. आपल्या बोलण्यात बुधवारची रात्र म्हणजे बुधवार मावळल्यावरची रात्र, तर तिकिटाच्या हिशेबात बुधवार मध्यरात्रीच सुरू होतो.

तेव्हापासून मी गाडी निघण्याची वेळ आधी लिहितो आणि विमानाची नंतर: 'मंगळवार १३ तारखेला संध्याकाळी ८ वाजता पुण्यातून निघायचं. मंगळवार संपून बुधवार लागल्यावर, रात्री १२.५० ला विमान उतरेल.' चिठ्ठी लांबते, पण दोन अर्थ उरत नाहीत. मग ड्रायव्हरला फोन करून विचारतो, 'दादा, कोणत्या दिवशी जेवून निघणार?' तो 'मंगळवारी' म्हणाला की माझं काम झालं.

कोणता विमानतळ, कोणतं टर्मिनल

परदेशातून थेट मुंबईत येणारं विमान सहारच्या टर्मिनल २ वर उतरतं. पण पाहुणा दिल्लीमार्गे येत असेल तर इमिग्रेशन तिथेच होतं आणि पुढचं विमान देशांतर्गत असतं. ते टर्मिनल १ वरही येऊ शकतं, आणि दोन्ही टर्मिनलांमध्ये रस्त्याने चार-पाच किलोमीटरचं अंतर आहे. त्यात डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळ सुरू झाला आहे. म्हणून नुसतं 'मुंबई एअरपोर्ट' लिहून भागत नाही. तिकिटावरचा कोड बघा: सहार-सांताक्रूझसाठी BOM, नवी मुंबईसाठी NMI. आणि तिकीट शेवटच्या टप्प्याचं बघा. परदेशातून निघतानाचं पहिलं विमान आपल्या कामाचं नसतं.

पाटी

पाहुण्याच्या नावाची जी पाटी धरून उभं राहायचं, तिला ड्रायव्हर लोक बोर्ड किंवा प्लेकार्ड म्हणतात. ती पाहुण्याने वाचायची असते, म्हणून नाव रोमन लिपीत, पासपोर्टवर जसं आहे तसं आणि जाड अक्षरांत छापावं. पाठीमागे मात्र ड्रायव्हरसाठी देवनागरीत उच्चार लिहावा. जर्मन माणसाचं नाव Joachim असं 'जे' अक्षराने सुरू होत असलं तरी त्याचा उच्चार 'योआखिम' असतो. गर्दीत 'जोआचिम, जोआचिम' अशी हाक मारली तर तो वळूनही बघणार नाही. चिनी पाहुणा असेल तर आडनाव सहसा आधी येतं, तेव्हा पाटीवर काय लिहू हे त्यालाच ईमेलने विचारलेलं बरं.

पाटीवर कंपनीचं नाव, हॉटेल किंवा फोन नंबर छापू नका. कठड्यापाशी उभा असलेला कुणीही ती पाटी वाचतो आणि चार पावलं पुढे जाऊन पाहुण्याला तेच नाव घेऊन गाठतो: 'सर, मीच तुमचा ड्रायव्हर'. यावर उपाय म्हणजे खुणेचा शब्द. तो फक्त पाहुण्याला आणि ड्रायव्हरला माहीत असतो. पाहुण्याने विचारायचं, ड्रायव्हरने सांगायचं. उलटं केलं तर पाहुणाच तो शब्द कुठल्याही अनोळखी माणसाला सांगून मोकळा होईल. शब्द परदेशी जिभेला पेलणारा हवा. मी 'मोगरा' वापरतो.

पाहुण्याला आधी काय कळवायचं

पाहुणा विमानात बसण्याच्या आधी त्याला ड्रायव्हरचा फोटो, नाव, मोबाइल, गाडीचा नंबर आणि खुणेचा शब्द पोचला पाहिजे. एकदा तो उडाला की आठ-नऊ तास काही कळवता येत नाही. उतरल्यावर विमानतळाचं वायफाय जोडायला ओटीपी लागतो, आणि परदेशी सिमवर तो येईलच याची खात्री नसते. म्हणून विमान सुटल्यावर गाडी किंवा ड्रायव्हर बदलायचा नाही, असा आमचा नियम आहे. बदलावाच लागला तर खुणेचा शब्द तोच राहतो.

त्याच पत्रात मुक्कामाचा पूर्ण पत्ता आणि इथला एक फोन नंबर असू द्या. इमिग्रेशनला दोन्ही लागतात. परदेशी नागरिकांसाठी १ ऑक्टोबर २०२५ पासून ई-अरायव्हल कार्ड आलं आहे. ते येण्याआधीच्या ७२ तासांत ऑनलाइन भरता येतं, याचीही आठवण करून द्या.

दाराशी

विमान 'लँड' झालं असं फोनवर दिसलं की नवीन ड्रायव्हर लगेच पाटी उंचावून उभे राहतात आणि अर्ध्या तासाने कंटाळून चहाला जातात. त्यांना आतला क्रम सांगून ठेवावा. आधी इमिग्रेशनची रांग असते. ई-व्हिसावर आलेल्याचे तिथे बोटांचे ठसे आणि फोटो घेतले जातात. मग पट्ट्यावरून सामान घ्यायचं, मग कस्टम. सगळं धरून एक ते दीड तास सहज जातो. तेव्हा उतरल्यानंतरची पहिली तीस मिनिटं चहाची, पुढची सगळी पाटी धरून उभं राहण्याची.

तिकीट नसलेल्याला टर्मिनलच्या आत सोडत नाहीत, आणि दारासमोर गाडी लावून थांबताही येत नाही. गाडी पार्किंगमध्ये लावून मजला आणि खांबाचा नंबर यांचा फोटो काढायचा. मग पायी येऊन कठड्यापाशी उभं राहायचं आणि आपण उभे आहोत त्या जागेचा फोटो मला पाठवायचा. तोच मी पाहुण्याला पाठवतो. त्याला कधी ना कधी नेट मिळतं आणि तेव्हा हा फोटो फार कामाला येतो.

भेट झाली की त्याला तिथेच थांबवून गाडी आणायला जाऊ नये. त्या दहा मिनिटांत टॅक्सीवाले, हॉटेलवाले, सिमकार्डवाले त्याच्याभोवती जमतात. सामानाची ट्रॉली स्वतः धरून त्याला बरोबर घेऊन जायचं. पाहुणा वयस्कर असेल किंवा सामान फार असेल तर विमानतळाची पैसे भरून मिळणारी स्वागतसेवा आधीच घेतलेली बरी.

आमची चिठ्ठी साधारण अशी असते:

> मंगळवार १३, संध्या. ८ ला पुण्यातून निघणे. वाटेत जेवण.
> बुधवार लागल्यावर रात्री १२.५० ला विमान, फ्रँकफर्टहून. सहार, टर्मिनल २.
> पाहुणा: योआखिम, एकटे, दोन बॅगा. पाटी मागच्या सीटवर ठेवली आहे.
> ते शब्द विचारतील. उत्तर: मोगरा. न विचारताही सांगणे.
> १.२० पासून पाटी धरून उभे राहणे. जागेचा फोटो पाठवणे.
> २.२० पर्यंत दिसले नाहीत तर मला फोन. जागा सोडायची नाही.
> टोल, पार्किंग आपले. पाहुण्याकडून काही घ्यायचे नाही.

२.२० चा फोन आला तर मी पाहुण्याला मेसेज करतो आणि विमान कंपनीला बॅगांची तक्रार आली आहे का ते विचारतो. हरवलेल्या बॅगेचा अर्ज भरण्यात तासभर मोडतो. विमानच दुसऱ्या शहरात वळवलं असेल तर ते अॅपवर दिसतं. बाहेर पडायचे दरवाजे एकापेक्षा जास्त असल्याने पाहुणा दुसरीकडून निघाला असण्याची शक्यताही असते, आणि नेमकं तेव्हा ड्रायव्हर शोधायला निघाला तर दोघंही एकमेकांना शोधत फिरतात. ड्रायव्हर जागेवर असला की पाठवलेला फोटो बघत पाहुणा तिथे येऊ शकतो.

शेवटचा कागद म्हणजे ड्युटी स्लिप. गॅरेजमधून निघतानाचं आणि परत आल्यावरचं किलोमीटर रीडिंग, वेळ आणि पाहुण्याची सही. पहाटे साडेपाचला झोपेत असलेला परदेशी माणूस अनोळखी भाषेतल्या कागदावर सही करायला कचरतो, आणि ते रास्तच आहे. म्हणून स्लिप इंग्रजीतही छापून घ्या, 'हे बिल नाही, फक्त प्रवासाची नोंद आहे' ही ओळ तिच्यावर ठळक टाका आणि तिचा नमुना आधीच्या पत्राला जोडा. त्याने नाही म्हटलं तर ड्रायव्हरने आग्रह न धरता हॉटेलच्या रिसेप्शनवरून पोचल्याची वेळ लिहून शिक्का घ्यावा.