बातुमीतले २.२ पॉइंट: बुद्धिबळाचं रेटिंग कुठून आलं आणि ते काय सांगतं

जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमी इथे नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत समोर कोनेरू हम्पी होती. क्लासिकलचे, म्हणजे लांब वेळेचे, दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि निकाल टायब्रेकच्या रॅपिड, म्हणजे कमी वेळेच्या, डावांत लागला. या विजयाने दिव्या थेट ग्रँडमास्टर झाली. पण त्या अंतिम लढतीतून तिच्या क्लासिकल रेटिंगमध्ये भर पडली ती २.२ पॉइंटची. हम्पीचेही तेवढेच गेले.

मुलांना शिकवताना मी हे उदाहरण आवर्जून देतो, कारण रेटिंग म्हणजे बक्षीस नव्हे हे त्यातून चटकन कळतं. विश्वचषक आहे की गल्लीतली स्पर्धा, अंतिम फेरी आहे की पहिली, यातलं रेटिंगच्या हिशोबाला काहीच माहीत नसतं. समोरच्याचं रेटिंग किती आणि डावाचा निकाल काय, एवढंच तो पाहतो. रॅपिडच्या निकालाचा क्लासिकल यादीशी संबंधच नाही.

हा हिशोब करून पाहू. स्पर्धेला बसताना दिव्याचं रेटिंग २४६३ होतं आणि हम्पीचं २५४३, म्हणजे ८० चा फरक. फिडेचा, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचा, एक तक्ता आहे, त्यात ८० च्या फरकासमोर ०.६१ आणि ०.३९ हे आकडे आहेत. याचा अर्थ, असे दोघे बरेच डाव खेळले तर दर डावामागे वरच्याला सरासरी ०.६१ गुण मिळतील आणि खालच्याला ०.३९. यालाच अपेक्षित गुण म्हणतात. दोन डावांत दिव्याकडून ०.७८ गुणांची अपेक्षा होती आणि दोन बरोबरींमुळे तिला मिळाला १. फरक ०.२२. त्याला १० ने गुणलं की झाले २.२.

```
R' = R + K × (S − E)
```

यात R हे जुनं रेटिंग, S म्हणजे मिळालेले गुण आणि E म्हणजे अपेक्षित गुण. K हा वेग ठरवणारा आकडा, त्याला सगळे के-फॅक्टर म्हणतात. एकदा २४०० गाठलेल्या खेळाडूला तो १० असतो, त्याखालच्यांना साधारणपणे २०. नवा खेळाडू पहिले ३० डाव पूर्ण करेपर्यंत ४०. अठरा वर्षांखालच्या मुलांनाही रेटिंग २३०० च्या आत असेपर्यंत ४० च. ज्याच्याविषयी आपल्याला कमी माहिती आहे किंवा जो झपाट्याने बदलतो आहे, त्याचा आकडा जास्त हलू द्यायचा, हा त्यामागचा विचार.

ही पद्धत रूढ व्हायच्या आधी अमेरिकेत केनेथ हार्कनेस यांची पद्धत चालायची. ती अगदी सरळ होती. स्पर्धेतल्या प्रतिस्पर्ध्यांच्या रेटिंगची सरासरी काढायची. निम्मे गुण मिळाले तर कामगिरी त्या सरासरीइतकी. निम्म्याच्या वर किंवा खाली जितके टक्के, तितके दहा-दहा पॉइंट अधिक किंवा उणे. आता समजा, १६०० चा खेळाडू अशा स्पर्धेत गेला जिथे प्रतिस्पर्ध्यांची सरासरी २१५० आहे, आणि तो सगळे डाव हरला. पन्नास टक्के खाली, म्हणजे ५०० वजा. कामगिरी आली १६५०. सगळे डाव हरून माणूस आपल्या रेटिंगच्या वर! टक्केवारी आणि ताकद यांचं नातं सरळ रेषेत धरलं की टोकाला असं होतं.

हे दुरुस्त केलं आर्पाद एलो यांनी. १९०३ साली हंगेरीत जन्मलेले एलो लहानपणीच अमेरिकेत आले, मिलवॉकीच्या मार्केट विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवू लागले आणि विस्कॉन्सिन राज्याचं विजेतेपद त्यांनी अनेकदा मिळवलं. आपल्याकडे पुष्कळ पालक ‘ई-एल-ओ’ असं एकेक अक्षर सुटं म्हणतात, जणू कशाचं तरी संक्षिप्त रूप आहे. ते या माणसाचं आडनाव आहे.

एलोंनी आधी मोजमापाचा स्वभाव लक्षात घेतला. एकाच खेळाडूचा खेळ रोज सारखा नसतो. कधी झोप झालेली नसते, कधी ओपनिंग नेमकं घरी पाहिलेलं निघतं. म्हणून खेळाडूची ताकद हा एकच बिंदू न मानता त्यांनी ती घंटेच्या आकाराच्या वक्रात मांडली. मधोमध त्याची सरासरी आणि दोन्ही बाजूंना त्याचे बरे-वाईट दिवस. हा पसारा त्यांनी २०० पॉइंटचा धरला. दोन खेळाडू भेटले की हे दोन वक्र एकमेकांवर कितपत चढतात यावरून अपेक्षित गुण निघतात. २०० चा फरक असेल तर वरच्याकडून ०.७६ ची अपेक्षा, ४०० चा असेल तर ०.९२ ची. फरक दुप्पट झाला म्हणून अपेक्षा दुप्पट होत नाही, ती एकाच्या जवळ जाते आणि तिथेच अडते. हार्कनेसच्या सरळ रेषेतला दोष इथे जातो. हरून कामगिरी चढण्याची वाटच राहत नाही.

आकड्यांची पट्टी मात्र एलोंनी जुनीच ठेवली. २००० म्हणजे चांगला, २२०० म्हणजे मास्टर, हे खेळाडूंच्या डोक्यात बसलेलं होतं आणि त्याला त्यांनी हात लावला नाही. म्हणून १५०० किंवा २५०० या आकड्यांत स्वतःचा असा काही अर्थ नाही. प्रत्येकाच्या रेटिंगमध्ये आज हजार मिळवले तरी एकही अपेक्षित गुण बदलणार नाही. अर्थ असतो तो फरकात.

अमेरिकी महासंघाने ही पद्धत १९६० मध्ये घेतली आणि फिडेने १९७० मध्ये. सुरुवातीची वर्षं फिडेच्या यादीचा हिशोब स्वतः एलोच कॅलक्युलेटरवर करत. आपल्या मोजमापाविषयी त्यांचा दावा मोठा नव्हता. पाण्यावर वरखाली होणाऱ्या बुचाची जागा, वाऱ्यात हेलकावणाऱ्या दोरीला बांधलेल्या पट्टीने मोजावी, तसं हे काम आहे, असं ते म्हणत. मी आजवर रेटिंगचं याहून खरं वर्णन ऐकलेलं नाही.

पद्धतीची मर्यादाही इथेच आहे. फरक खरा धरायचा तर ते खेळाडू एकमेकांशी, निदान एकमेकांच्या प्रतिस्पर्ध्यांशी, खेळत असायला हवेत. ज्यांचे डाव एकमेकांत मिसळतात अशा खेळाडूंचा तो एक तलाव आहे. दुसऱ्या तलावाची पातळी या तलावातल्या काठीने मोजता येत नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात क्लॉड ब्लडगुड नावाचा जन्मठेपेचा कैदी होता. त्याचे सारे डाव तुरुंगातल्या कैद्यांशी. तो सतत जिंकत गेला, त्या बंदिस्त तलावातले पॉइंट त्याच्याकडे गोळा होत गेले आणि १९९६ मध्ये २७०० च्या वर जाऊन तो अमेरिकेच्या यादीत दुसरा झाला. सूत्रात कुठेही चूक नव्हती. बाहेरच्या खेळाडूंशी त्या तलावाचा संबंधच नव्हता, म्हणून आकडा पोकळ होता.

याच कारणाने १९८६ च्या अखेरीस फिडेने एक निर्णय घेतला आणि त्याची झळ एका मुलीला बसली. महिला खेळाडू बहुतेक आपापसातच खेळतात, त्यामुळे पुरुषांच्या तुलनेत त्यांचे आकडे कमी दिसतात, असं निरीक्षण होतं. म्हणून यादीतल्या सर्व महिलांना सरसकट १०० पॉइंट वाढवून दिले. एकटी सुसान पोल्गार वगळली, कारण ती मुख्यतः पुरुषांशी खेळत असल्याने तिचा आकडा आधीच बरोबर आहे असं मानलं गेलं. सतरा वर्षांची पोल्गार महिलांच्या यादीत पहिली होती. पटावर काहीही न घडता ती मागे पडली आणि विश्वविजेती माया चिबुर्दानिद्झे पुढे गेली. तर्क समजतो, पण मला हा निर्णय अन्यायाचाच वाटतो. तलावाची पातळी चुकली असेल तर ती सगळ्या तलावाची, आणि त्यातली प्रत्येक खेळाडू नेमकी १०० नेच खाली होती हे कोणी मोजलेलं नव्हतं.

अशी पातळी चुकण्याचा आमच्या काळातला प्रसंग मी जवळून पाहिला. डिसेंबर २०२३, पुण्यातली एक खुली स्पर्धा. माझ्याकडे शिकणारा बारा वर्षांचा मुलगा, रेटिंग १६१२, समोर १४८७ चा दहा वर्षांचा मुलगा. डाव बरोबरीत सुटला. फरक १२५ चा, म्हणजे अपेक्षा ०.६७. मिळाला अर्धा. उणे ०.१७ गुणिले ४०, गेले ६.८ पॉइंट. हा मुलगा हॉलबाहेर पायरीवर बसून रडत होता आणि वडील म्हणत होते, “सर, एवढ्याशा पोराकडून रेटिंग घालवलं याने.” मी आत जाऊन स्कोअरशीट पाहिली. त्या एवढ्याशा पोराने हत्तीचा एंडगेम एकही चूक न करता धरून ठेवला होता. तो १४८७ चा नव्हताच.

आपल्याकडे अशी मुलं शेकड्याने होती. कोविडमध्ये दोन वर्षं पटावरच्या स्पर्धा बंद होत्या, मुलं घरी ऑनलाइन खेळून पुढे गेली आणि यादीतला आकडा जुन्याच जागी राहिला. पुन्हा स्पर्धा सुरू झाल्यावर ती आपापसातच पॉइंट फिरवत राहिली. बुद्धिबळाच्या आकडेवारीचे अभ्यासक जेफ सोनास यांनी फिडेसाठी आकडेवारी तपासली तेव्हा दिसलं, की २००० च्या खाली वरच्या खेळाडूला तक्त्याच्या अपेक्षेपेक्षा सातत्याने कमी गुण मिळत आहेत. रेटिंग बिघडल्याची हीच खूण. फरक कागदावर मोठा आणि पटावर लहान.

१ मार्च २०२४ ला फिडेने दुरुस्ती केली. २००० च्या खालच्या प्रत्येकाला, तो २००० पासून जितका दूर असेल त्याच्या ४० टक्के इतके पॉइंट दिले. यादीचा तळ १००० वरून १४०० वर आला. माझा विद्यार्थी १६१२ वरून १७६७ वर गेला आणि पायरीवर रडवणारा तो दुसरा मुलगा १४८७ वरून १६९२ वर. वडिलांचा फोन आला, खूश होते. मी त्यांना सांगितलं, बघायचं ते १५५ नाही. दोघांतला फरक १२५ होता तो ७५ झाला. अपेक्षा ०.६७ ची ०.६० झाली. तीच बरोबरी आता झाली तर ६.८ नाही, ४ पॉइंट जातील.

त्या मार्चमध्ये वाढलेले पॉइंट कोणाच्याही खेळात उतरलेले नव्हते, म्हणून २०२२ चा १७०० आणि २०२५ चा १७०० शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. वरच्या टोकालाही हेच. १९७२ मध्ये फिशर २७८५ होता आणि मे २०१४ मध्ये कार्लसन २८८२. फरक ९७ चा, पण कार्लसनला फिशरविरुद्ध ०.६३ गुण मिळाले असते असं त्यावरून म्हणता येत नाही, कारण तक्ता एकाच यादीतल्या दोघांसाठी आहे.