सांधा कुठे आहे? रोटेटेड सॉर्टेड अ‍ॅरे, डुप्लिकेट आणि O(n)

बायनरी सर्चचा पहिला छापील उल्लेख 1946 सालचा आहे. जॉन मॉकली यांनी मूर स्कूलमधल्या व्याख्यानांत ही पद्धत सांगितली. तरीही बराच काळ ती 2ᵏ − 1 इतक्या नेमक्या लांबीच्या यादीसाठीच मांडली जायची. कोणत्याही लांबीच्या यादीवर चालणारं रूप डी. एच. लेमर यांनी 1960 मध्ये प्रसिद्ध केलं. दोन वर्षांनी हर्मन बॉटनब्रुख यांनी अल्गोल 60 मध्ये एक वेगळं रूप दिलं. त्यात ‘सापडलं का?’ ही तपासणी प्रत्येक फेरीत होत नाही, फक्त शेवटी एकदाच होते.

या सगळ्या रूपांत डुप्लिकेट निरुपद्रवी असतात. साध्या चढत्या यादीत एकच किंमत हजार वेळा आली तरी फेऱ्या वाढत नाहीत. प्रश्न उरतो तो हजारांतली नेमकी कोणती प्रत हाती लागेल एवढाच. जावाच्या Arrays.binarySearch चं दस्तऐवजीकरण याची हमी देत नाही, आणि सी++ चं lower_bound पहिली प्रत देतं. म्हणून ‘डुप्लिकेट आले की बायनरी सर्च मंदावतो’ हे विधान जसंच्या तसं खरं नाही. मंदावण्यासाठी आणखी एक गोष्ट लागते: यादी फिरवलेली असणं, म्हणजे तिचा सुरुवातीचा काही भाग उचलून शेवटी जोडलेला असणं, आणि ती किती फिरवली आहे हे माहीत नसणं.

आता फिरवलेल्या यादीकडे. आज हा प्रश्न बहुतेकांना मुलाखतीच्या तयारीत भेटतो, त्यामुळे तो कोणीतरी मुद्दाम रचलेलं कोडं वाटतो. पण फिरवलेली यादी ही खऱ्या गरजेतून आली आहे. इयन मन्रो आणि हेंड्रा सुवांडा यांनी 1980 मध्ये इम्प्लिसिट डेटा स्ट्रक्चर्सवर एक निबंध लिहिला. पॉइंटर किंवा इतर जोडमाहिती न ठेवता, केवळ मूल्यांच्या क्रमातून सगळी रचना उभी करायची, हा त्याचा विषय होता. रोटेटेड लिस्ट तिथे येते आणि तिचा उपयोग फार नेटका आहे.

समजा एका ब्लॉकमध्ये 10, 20, 30, 40 चढत्या क्रमाने आहेत. त्यातली सर्वांत मोठी किंमत काढून पुढच्या ब्लॉकला द्यायची आहे आणि 5 ही नवी सर्वांत लहान किंमत आत घ्यायची आहे. साध्या यादीत 10, 20, 30 असे तिन्ही आकडे एकेक जागा सरकवावे लागतात. तोच ब्लॉक [30, 40, 10, 20] असा फिरवलेला असेल तर फक्त 40 च्या जागी 5 लिहायचं. [30, 5, 10, 20] ही यादीसुद्धा फिरवलेली आणि क्रमवारच आहे, तिचा सांधा, म्हणजे सर्वांत लहान किमतीपासून क्रम नव्याने सुरू होतो ती जागा, तेवढा एक जागा अलीकडे आला. ब्लॉक कितीही मोठा असो, लेखन एकच. ग्रेग फ्रेडरिक्सन यांनी 1983 मध्ये याच कल्पनेला पुनरावर्ती रूप दिलं. अशा याद्यांच्या आत पुन्हा अशाच याद्या रचल्या आणि शोध O(log n) मध्येच ठेवला.

या व्यवस्थेत सांध्याची जागा कुठेही लिहून ठेवलेली नसते, हे विसरून चालणार नाही. ती दर वेळी किमतींवरूनच ओळखायची. किमती वेगवेगळ्या असतील तर ते सोपं आहे: मधली किंमत शेवटच्या किमतीपेक्षा मोठी असेल तर सांधा उजवीकडे आहे, लहान असेल तर मधल्या जागेवर किंवा डावीकडे आहे. एका तुलनेत निम्मी यादी बाद होते आणि दहा लाख जागांमधला सांधा सुमारे 20 तुलनांत सापडतो.

डुप्लिकेट नेमके इथेच आड येतात. समान किमतींना आपापसात क्रम नसतो. त्यामुळे क्रमात दडवून ठेवलेली माहिती त्यांच्यात राहूच शकत नाही. नऊ जागांची ही यादी पाहा:

```
[4, 4, 4, 4, 4, 4, 2, 4, 4]
```

ही [2, 4, 4, 4, 4, 4, 4, 4, 4] ची फिरवलेली प्रत आहे. पहिली, मधली आणि शेवटची अशा तिन्ही किमती 4 आहेत. 2 डावीकडे आहे की उजवीकडे, याबद्दल या तीन वाचनांनी काहीच कळलेलं नाही. 2 नऊपैकी कोणत्याही जागी असता तरी यादी तितकीच वैध ठरली असती.

यावरून कोणत्याही अल्गोरिदमला लागू पडणारी खालची मर्यादा निघते. 2 शोधणारा एखादा अल्गोरिदम घ्या आणि त्याने वाचलेल्या प्रत्येक जागी त्याला 4 दाखवत राहा. n पैकी एक जागा जरी न वाचता तो थांबला, तरी त्याचं उत्तर खोटं ठरवता येतं. तो ‘2 नाही’ म्हणाला तर न वाचलेल्या जागी 2 ठेवायचा, आणि ‘2 आहे’ म्हणाला तर तिथेही 4 च ठेवायचा. दोन्ही याद्या फिरवलेल्या आणि क्रमवार आहेत, आणि वाचलेल्या जागांवर दोन्ही अगदी सारख्या दिसतात. म्हणून सर्वांत वाईट स्थितीत सगळ्या n जागा वाचाव्याच लागतात. ही उणीव कोणा एकाच्या कोडची नाही, ती त्या यादीत उपलब्ध असलेल्या माहितीचीच आहे. जागा यादृच्छिक क्रमाने वाचूनही सुटका नाही: 2 असेल तेव्हा सरासरी (n + 1)/2 वाचनं लागतात, आणि नसेल तेव्हा तशीही सगळीच.

LeetCode वर हा प्रश्न दोन पायऱ्यांत येतो. 33 क्रमांकाच्या प्रश्नात सगळ्या किमती वेगळ्या असतात आणि इंडेक्स परत द्यायचा असतो. 81 मध्ये डुप्लिकेट येतात आणि किंमत आहे की नाही एवढंच सांगायचं असतं. सर्वांत लहान किंमत शोधण्याच्या 153 आणि 154 या प्रश्नांची जोडीही तशीच आहे. 81 साठी सर्वत्र दिसणारं उत्तर असं:

```python
def search(a, t):
    lo, hi = 0, len(a) - 1
    while lo <= hi:
        mid = lo + (hi - lo) // 2
        if a[mid] == t:
            return True
        if a[lo] == a[mid] == a[hi]:
            lo += 1
            hi -= 1
        elif a[lo] <= a[mid]:
            if a[lo] <= t < a[mid]: hi = mid - 1
            else: lo = mid + 1
        else:
            if a[mid] < t <= a[hi]: lo = mid + 1
            else: hi = mid - 1
    return False
```

वरच्या यादीत 2 शोधताना lo, hi आधी 0, 8 आणि मग 1, 7 होतात, mid मात्र दोन्ही वेळा 4 वरच राहतो. 2, 6 ला a[hi] म्हणून 2 दिसतो आणि तिथून नेहमीची अर्धी-अर्धी विभागणी सुरू होते. यादीत नऊच्या नऊ 4 असते, तर 0, 8 पासून 4, 4 पर्यंत पाच फेऱ्या झाल्या असत्या आणि सर्व नऊ जागा वाचून झाल्या असत्या. मंदावल्याची खूण हीच: फेरीमागून फेरी जाते, mid हलत नाही आणि पट्टा दोन्ही टोकांनी एकेकच झिजतो.

हे उत्तर बरोबर आहे, आणि सर्वांत वाईट स्थिती O(n) असणारच हेही वर सिद्ध झालं. पण जिथे गरज नाही तिथेही हे कोड रेषीय होतं, आणि हा भाग सहसा सांगितला जात नाही. एक 1 आणि पुढे सोळा 5 अशी सतरा जागांची, मुळीच न फिरवलेली यादी घ्या आणि 7 शोधा. पहिल्या फेरीत lo = 0, mid = 8, म्हणून शोध उजवीकडे 9 ते 16 मध्ये जातो. आता तिथे सगळेच 5 आहेत. तिन्ही किमती समान असल्याची अट लागू होते आणि उरलेल्या आठ जागा दोन-दोन करून चार फेऱ्यांत संपतात. यादी दहा लाखांची असती तर सुमारे अडीच लाख फेऱ्या झाल्या असत्या. या यादीची पहिली किंमत 1 आणि शेवटची 5 आहे. पहिली किंमत शेवटचीपेक्षा लहान म्हणजे यादी फिरवलेली नाही, हे पहिल्याच तुलनेत ठरलं होतं. कोडने ती माहिती पुढे नेली नाही एवढंच.

म्हणून किमती ‘समान आहेत का’ यापेक्षा ‘सांध्याच्या दोन्ही बाजूंना तीच किंमत पसरली आहे का’ हे पाहायला हवं. a[0] आणि शेवटची किंमत वेगळी असेल, तर डुप्लिकेट कितीही असोत, शोध O(log n) मध्येच होतो. पहिली किंमत शेवटचीपेक्षा मोठी असेल तर सांध्याच्या डावीकडचं सगळं उजवीकडच्या सगळ्यापेक्षा काटेकोरपणे मोठं असतं, त्यामुळे a[lo] आणि a[mid] यांच्या तुलनेत संदिग्धता उरत नाही. तेव्हा झीज एकदाच, सुरुवातीला करावी:

```python
while hi > 0 and a[hi] == a[0]:
    hi -= 1
```

पुढे 33 क्रमांकाच्या प्रश्नाचाच लूप चालवायचा, समान किमतींची फांदी काढून टाकून. कापलेल्या सगळ्या प्रती a[0] च्याच असतात आणि a[0] स्वतः जागेवर राहतो, म्हणून उत्तर बिघडत नाही. शेपटीकडे अशा k प्रती असतील तर एकूण खर्च O(k + log n). वरच्या नऊ जागांच्या यादीत k फक्त 2 आहे. [4, 2, 4, 4, 4, 4, 4, 4, 4] मध्ये मात्र 7 होतो. अशा वेळी दोन्ही टोकांकडून आळीपाळीने कापत गेल्यास दोन बाजूंपैकी जी रांग छोटी तिच्याइतकाच खर्च येतो. तेव्हा a[0] ची जागाही कापली जात असल्याने, t त्या किमतीइतका आहे का हे आधी तपासून घ्यावं लागतं.

पण उड्या मारत कापता येत नाही. साध्या क्रमवार यादीत दोन समान किमतींच्या मधलं सगळं समानच असतं, म्हणून 1, 2, 4, 8 अशा उड्यांनी रांगेचं टोक गाठता येतं. इथे दोन 4 च्या मध्ये 2 दडलेला असू शकतो, म्हणून मधली एकही जागा न वाचता सोडता येत नाही. ज्याच्या हाती यादीबरोबर सांध्याचा इंडेक्स s ही आहे, त्याला यातलं काहीच करावं लागत नाही: तेवढा एक पूर्णांक मिळाला की (mid + s) % n या जागी वाचत साधा बायनरी सर्च चालतो, सगळ्या किमती सारख्या असल्या तरीही.