डाळ बंद, बिअर चालू?

"युरिक ॲसिड ८.४ आलंय, अंगठा सुजलाय. तूरडाळ, पालक बंद ना?" ठाण्यातले एक काका विचारतात.

डाळ-पालक खुशाल खा. त्यांत प्युरीन असतं, ज्याचं शरीरात युरिक ॲसिड बनतं; पण त्याने गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडमुळे सांधा सुजण्याचा हा आजार, वाढल्याचं मोठ्या पाहण्यांत दिसलेलं नाही. बंद करायची ती शनिवारची बिअर, आणि आवरायची सोबतची सुकट, कलेजी. बिअरमध्ये प्युरीन असतंच, वर अल्कोहोल युरिक ॲसिड लघवीवाटे नीट बाहेर पडू देत नाही. (व्हिस्कीलाही सूट नाही, काका!) वजन हळूहळू उतरवा, कडक उपासाने उलट गाऊटचा झटका येऊ शकतो.

पथ्याने आकडा फार तर एखाद्याने उतरतो, म्हणजे ७.४, हवा ६ च्या खाली. झटके वारंवार येत असतील, तर डॉक्टर गोळी देतील. ऐन दुखण्यात रिपोर्ट नॉर्मलही येतो. सूज उतरल्यावर दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासा.