पदरी पराठा

गव्हाच्या कणकेची पातळ पोळी लाटून, तिच्यावर तूप पसरून, तिची घडी किंवा वळकटी करून आणि ती पुन्हा लाटून तव्यावर थोड्या तुपात खरपूस भाजलेला पदार्थ. उत्तर भारतात सुटे पापुद्रे दिसतील अशा प्रकाराला लच्छा पराठा म्हणतात (हिंदीत लच्छा म्हणजे धाग्याची लड किंवा गुंडाळी), तर साध्या घडीच्या प्रकाराला आकारावरून तिकोनी किंवा चौकोनी पराठा म्हणतात. सारण भरून केलेल्या पराठ्याशी त्याचे नाव समान असले, तरी कृतीचे तत्त्व वेगळे आहे. सारणाच्या पराठ्यात कणीक ही केवळ पारी असते, पदरी पराठ्यात मात्र कणकेच्या थरांमधील तुपाचा पातळ पडदा हाच पदार्थाचा गाभा असतो. दिल्लीच्या चांदणी चौकातील पराठेवाल्या गल्लीत मिळणारे पराठे मुख्यत्वे सारणाचे आणि भरपूर तुपात तळलेले असल्याने ते या नोंदीच्या कक्षेत येत नाहीत.

पराठा या शब्दाची सर्वांत प्रचलित व्युत्पत्ती हिंदी ‘परत’ (थर) आणि ‘आटा’ (पीठ) या शब्दांच्या संयोगातून दिली जाते. अर्थाच्या दृष्टीने ती इतकी समर्पक आहे, की पाककृतींच्या पुस्तकांत ती निर्विवाद असल्याप्रमाणे येते. ध्वनीच्या दृष्टीने मात्र ती तितकीशी समाधानकारक नाही. ‘आटा’मध्ये ट आहे, तर हिंदी व मराठी रूपांत ठ आहे, आणि हा महाप्राण कोठून आला याचा उलगडा या व्युत्पत्तीने होत नाही. पंजाबीतील ‘परौंठा’ या रूपात तर अनुनासिकही आहे. बंगालीतील ‘परोटा’ आणि मलयाळममधील ‘पोरोट्टा’ या रूपांत महाप्राण आढळत नाही. पण ही रूपे उत्तरेकडील शब्दाच्या प्रसारातून आलेली असण्याचा संभव अधिक असल्याने त्यांवरून मूळ रूप ठरविणे धोक्याचे आहे. वैदिक यज्ञातील ‘पुरोडाश’ या शब्दाशी लावला जाणारा संबंध त्याहूनही दुर्बळ आहे. पुरोडाश ही कपाल नावाच्या मातीच्या खापरांवर भाजलेली तांदळाची किंवा जवाची वडीसारखी आहुती असून घडी किंवा पदर यांच्याशी तिचा काही संबंध नाही. ‘परत’ या शब्दाने प्रचलित रूपावर प्रभाव टाकला असावा, परंतु मूळ शब्द त्यानेच घडविला असे मानण्याचे कारण नाही, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

प्राचीनतेविषयीही असाच संयम इष्ट आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या, सु. 1129 च्या सुमारास रचलेल्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथातील अन्नभोग प्रकरणात गव्हाच्या कणकेचे मंडक आणि पोलिका यांचे उल्लेख आहेत. मराठीतील मांडे आणि पोळी हे शब्द याच परंपरेतील आहेत. मात्र तूप लावून घडी घालण्याची कृती त्यांवरून सिद्ध होत नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या आईन-इ-अकबरीत भट्टीत भाजलेल्या जाड रोटीच्या कणकेत दूध आणि तूप सांगितले असून लोखंडी पत्र्यावर भाजलेली पातळ रोटी वेगळी दिली आहे. तेथेही तूप कणकेत मिसळलेले, म्हणजे मराठीत ज्याला मोहन म्हणतात त्या स्वरूपाचे आहे. कणकेतील तूप आणि थरांमधील तूप या दोन भिन्न गोष्टी आहेत. जुन्या पाककृतींत तुपाचा उल्लेख दिसताच तेथे पराठ्याचे पूर्वरूप पाहण्याचा मोह हा भेद विसरल्यामुळे होतो.

पदर सुटण्याची क्रिया समजण्यासाठी वाफेचा उगम ध्यानात घ्यावा लागतो. लोण्यात बरेच पाणी असते, त्यामुळे लोण्याचे थर असलेल्या पाश्चात्त्य पापुद्री पदार्थांत वाफ काही अंशी लोण्यातूनही येते. तुपात पाणी जवळपास नसते. भारतीय मानकांनुसार ते अर्ध्या टक्क्याहून अधिक असू नये. त्यामुळे पराठ्यातील वाफ सर्वस्वी कणकेतील पाण्याची असते. पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान सु. 1,600 पटींनी वाढते, ही वाफ तुपाच्या पडद्यापाशी अडते आणि दोन थर एकमेकांपासून उचलले जातात. तूप येथे फुगवत नाही, ते केवळ थरांना पुन्हा चिकटू देत नाही. कणीक घट्ट आणि कोरडी असेल, तर तूप कितीही घातले तरी पदर न सुटता पराठा कडक होतो, याचे कारण हेच आहे.

वितळलेले तूप लाटण्याच्या दाबाखाली कडेला वाहून जाते, म्हणून ते थिजलेले पण मऊ असावे लागते. त्यावर कोरड्या पिठीची चिमूट भुरभुरण्याचा प्रघात याच अडचणीवरचा उपाय आहे: पिठी तूप शोषून घेते व त्याला जागच्या जागी धरून ठेवते. महाराष्ट्रात चिरोट्यांसाठी तूप व तांदळाची पिठी फेसून जो साटा करतात, त्याचे तत्त्व हेच आहे. पराठ्यात हा साटा जणू पोळपाटावरच तयार होतो. पिठी अधिक झाली तर मात्र ती कच्ची राहून पदरांमध्ये पांढरी, कोरडी रेघ दिसते.

घडीच्या पद्धतीवर पदरांची संख्या आणि त्यांची दिशा अवलंबून असते. गोल पोळीवर तूप लावून ती अर्धी दुमडली, पुन्हा तूप लावून परत दुमडली, की चार पदरांचा त्रिकोण होतो. दोन विरुद्ध बाजू मध्यावर एकावर एक घेतल्या आणि उरलेल्या दोन बाजूंचे तसेच केले, तर नऊ पदरांचा चौकोन मिळतो. या दोन्ही प्रकारांत पदर तव्याला समांतर राहतात. लच्छा पराठ्यात पोळीला पंख्यासारख्या चुण्या घालून लांब पट्टी करतात व ती चक्राकार गुंडाळतात; त्यामुळे पदर उभे राहतात आणि त्यांच्या कडा वरून दिसतात. लाटताना ते तिरपे पडतात, पण पूर्ण आडवे होत नाहीत.

एका प्रत्यक्ष मापावरून पुढील बाबी स्पष्ट होतील. 250 ग्रॅम कणीक, अर्धा ते पाऊण चमचा मीठ, 10 ग्रॅम तुपाचे मोहन आणि सु. 145 मिलिलिटर पाणी यांची मऊ कणीक मळून ती अर्धा तास झाकून ठेवली, की प्रत्येकी सु. 68 ग्रॅमच्या सहा लाट्या होतात. एक लाटी 20 सेंटिमीटर व्यासाची लाटली, तर तिची जाडी 2 मिलिमीटरपेक्षा किंचित कमी भरते. तिच्यावर चमचाभर, म्हणजे 4 ग्रॅम तूप पसरले, तर पडद्याची जाडी मिलिमीटरच्या सातव्या भागाइतकी येते. हीच लाटी घडी घालून शेवटी 16 सेंटिमीटर रुंदीची लाटली, तर पराठा 3 मिलिमीटरच्या आत राहतो. चार पदरांत प्रत्येक पदर सु. 0.7 मिलिमीटरचा, तर नऊ पदरांत जेमतेम 0.3 मिलिमीटरचा होतो. एवढ्या पातळ पदरात लाटण्याचा दाब थोडा जरी असमान पडला, तरी तुपाचा पडदा तुटतो आणि शेजारचे पदर एकजीव होतात. म्हणून घड्या वाढविल्याने पदर वाढतातच असे नाही. घरगुती हातासाठी चौकोनी घडी ही व्यवहार्य मर्यादा समजावी.

गुंडाळी केल्यावर ती 10 मिनिटे झाकून ठेवणे आवश्यक असते, कारण चुण्या घालताना ताणलेली कणीक लगेच लाटल्यास आक्रसते, आणि ती ताणण्यासाठी दिलेला जादा दाब पदर मिटवतो. लच्छा पराठा प्रथम तळव्याने दाबून पसरवावा, मग लाटणे मध्यापासून कडेकडे हलकेच फिरवून प्रत्येक वेळी पराठा थोडा वळवावा, आणि कडेपाशी पोचताना दाब काढून घ्यावा. त्रिकोणी घडीत अडचण निराळी असते. तिच्या दोन सरळ बाजू दुमडीच्या असल्याने जाड व बंद असतात, तर तिसरी, कमानीसारखी बाजू उघडी असते. दाब सर्वत्र सारखा दिला, तर तूप त्या उघड्या बाजूने बाहेर येते, तेथे पराठा कागदासारखा पातळ होतो आणि टोक जाडच राहते. म्हणून दुमडीच्या बाजूंवर आधी व अधिक, आणि कमानीवर शेवटी व कमी लाटावे लागते. सम लाटणे म्हणजे सम दाब नव्हे, ही बाब शिकवताना बहुधा सांगायची राहून जाते.

भाजण्याचा क्रमही निश्चित आहे. जाड बुडाचा तवा मध्यम आचेवर तापवून त्यावर पिठीची चिमूट टाकल्यास ती काही क्षणांत बदामी व्हावी. ती लगेच काळी पडल्यास तवा अधिक तापला आहे असे समजावे. पराठा प्रथम दोन्ही बाजूंनी कोरडाच भाजतात, ज्यामुळे आतील थर वाफेने शिजून स्थिर होतात. पृष्ठभाग निबर होऊन फिकट डाग दिसू लागल्यावरच प्रत्येक बाजूस अर्धा चमचा तूप सोडून, उलथण्याने कडा दाबत तो खरपूस करतात. तूप आधीच सोडल्यास वरचा पदर लवकर तळून तांबूस होतो आणि तो शिजला असे समजून उतरविलेला पराठा मध्यभागी चिकट निघतो. उलट, मंद आचेवर बराच वेळ ठेवल्यास वाफ पदर न उचलता हळूहळू निघून जाते व पराठा वातड होतो. एक पराठा साधारणतः तीन ते चार मिनिटांत होतो. उतरविताच तो दोन्ही तळव्यांत धरून कडेकडून मध्याकडे चुरडतात. त्या वेळी आतील तूप द्रव असल्याने पदर सहज विलग होतात, निवल्यावर मात्र तेच तूप थिजून त्यांना चिकटवते.

महाराष्ट्रातील घडीची पोळी ही याच तत्त्वावर आधारलेली आहे. लहान पुरीवर तेल व चिमूटभर पिठी लावून घडी घालतात, परंतु पोळी तव्यावर कोरडीच भाजून तूप नंतर लावले जाते, त्यामुळे पदर मऊ राहतात. केरळचा पोरोट्टा मैद्याचा असून तो लाटण्याऐवजी ओट्यावर आपटून ताणतात. हैदराबाद व लखनौ येथील वर्की पराठ्याच्या नावात पान या अर्थाचा अरबी ‘वरक’ हा शब्द आहे. मॉरिशसमध्ये पराठ्याला ‘फराटा’ म्हणतात. त्रिनिदादमध्ये भारतीय मजुरांबरोबर गेलेला पदरी पराठा तव्यावरच लाकडी पात्यांनी झोडपून फाटक्या कापडासारखा केला जातो.