दुरुस्तीनंतरची पडताळणी: ‘दोष बंद’ करण्यामागची पार्श्वभूमी

सॉफ्टवेअरमधला दोष दुरुस्त करताना दुसराच दोष आत शिरण्याची शक्यता 20 ते 50 टक्के असते, असे आयबीएमच्या ओएस/360 प्रकल्पाचे प्रमुख राहिलेल्या फ्रेडरिक ब्रूक्स यांनी 1975 मध्ये लिहून ठेवले होते. पुढे बगझिलासारख्या दोषनोंद प्रणालींत `RESOLVED` आणि `VERIFIED` या दोन वेगळ्या अवस्था आल्या. पहिली प्रोग्रॅमरने लावायची आणि दुसरी तपासणाऱ्याने, असा त्यामागचा हेतू. व्यवहारात मात्र तक्रारीत लिहिलेले एकच उदाहरण पुन्हा चालवून दोष बंद करण्याची सवय अजूनही सुटलेली नाही.

सोलापुरातल्या चादर-टॉवेल व्यापाऱ्याच्या बिलिंग सॉफ्टवेअरचे एक कल्पित उदाहरण पाहू. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू झाल्यापासून नगाची विक्री किंमत 1000 रुपयांपर्यंत असेल तर चादरीवर 5 टक्के आणि त्याहून जास्त असेल तर 12 टक्के कर होता. बरोबर 1000 रुपयांच्या चादरीवर 50 ऐवजी 120 रुपये कर लागतो, अशी तक्रार आली. कारण किरकोळ होते: अटीत `> 1000` हवे तिथे `>= 1000` लिहिले गेले होते. चिन्ह बदलले, 1000 च्या बिलावर 50 रुपये कर आला, आणि इथेच बहुतेक जण नोंद बंद करतात.

पण ही अट आणखी कुठे वापरली आहे, हे पाहिल्याशिवाय दुरुस्ती झाली असे म्हणता येत नाही. 1001 रुपयांवर 12 टक्केच लागतात ना, हे तर पाहायचेच. 1050 रुपयांच्या चादरीवर बिलातच 60 रुपये सूट दिली, तर दर 990 वरून ठरायला हवा; प्रोग्रॅम सूट वजा करण्याआधीच दर ठरवत असेल तर तो दोष तसाच राहिलेला असतो. दोनशे रुपयांचे दहा टॉवेल घेतल्यावर ओळीची बेरीज 2000 होते, तरी मर्यादा नगाला आहे. हैदराबादच्या, म्हणजे दुसऱ्या राज्यातल्या ग्राहकाच्या बिलावर आयजीएसटी लागतो, त्यामुळे तो हिशेब वेगळ्या फंक्शनमध्ये असू शकतो.

सर्वांत जास्त निसटते ती परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट. तिथे जुनी अट कॉपी करून ठेवलेली असेल, तर 1000 रुपयांच्या दहा चादरी परत आल्यावर 500 ऐवजी 1200 रुपये कर उलटवला जातो, आणि ही चूक महिनाअखेरीस विवरणपत्र जुळवताना कळते.

22 सप्टेंबर 2025 पासून मर्यादा 2500 रुपये झाली आणि त्यावरचा दर 18 टक्के झाला, तेव्हा हीच तपासणी पुन्हा करावी लागली. शिवाय ऑगस्टमध्ये 12 टक्क्यांनी विकलेली 1200 रुपयांची चादर ऑक्टोबरमध्ये परत आली, तर क्रेडिट नोटवर मूळ बिलाचाच दर यायला हवा. म्हणून तपासताना आजच्या तारखेसोबत जुन्या तारखेचे एक बिलही हाताशी ठेवावे लागते.