मुख्य कंपनीचे बिल, उपकंपनीचा साठा: एकत्रित हिशेबात काय जुळवायचे आणि काय काढून टाकायचे

एकाच मालकीच्या दोन कंपन्या एकमेकींना माल विकतात तेव्हा प्रत्येकीच्या स्वतःच्या वह्यांत तो खराखुरा व्यवहार असतो. बिल निघते, नफा दिसतो, येणे-देणे उभे राहते. दोघींचा एकत्रित ताळेबंद करताना मात्र त्यांना एकच संस्था मानायचे असते, आणि कोणतीही संस्था स्वतःलाच माल विकून नफा कमावू शकत नाही. आयएफआरएस १० या मानकाप्रमाणे समूहातली आपसातली विक्री, खर्च, येणे, देणे आणि साठ्यात अडकलेला नफा हे सगळे पूर्णपणे काढून टाकावे लागते. उपकंपनीत तुमचा हिस्सा ८० टक्के असला तरी काढायचे ते शंभर टक्केच.

आमच्या बहुतेक ग्राहकांचे प्रश्न येणे-देणे जुळवण्यावर असतात. ते काम चिकाटीचे आहे, पण अवघड नाही. घोटाळा होतो तो त्यानंतर, साठ्यातल्या नफ्याशी. शिल्लक जुळली की काम संपले असे वाटते आणि दुसरे काम राहून जाते. म्हणून या पत्रकात एकच उदाहरण घेऊन दोन्ही कामे शेवटपर्यंत केली आहेत. आकडे कोणत्याही चलनातले समजा. विक्रीवरचा करही बाजूला ठेवला आहे, त्याबद्दल शेवटी लिहिले आहे.

मार्कअप कशावर धरला?

मुख्य कंपनी माल तयार करते आणि उत्पादन खर्चावर २५ टक्के मार्कअप लावून उपकंपनीला बिल करते. ८० ची वस्तू १०० ला जाते. खर्चाच्या बाजूने पाहिले तर नफा २५ टक्के आहे, पण बिलाच्या बाजूने पाहिले तर तोच २० टक्के होतो. ही साधी गोष्ट इथेच लक्षात ठेवा, कारण उपकंपनीच्या गोदामातला साठा बिलाच्या किमतीने मांडलेला असतो. त्यातला नफा काढताना २५ टक्के लावले तर उत्तर चुकते. १२५ पैकी २५, म्हणजे एक पंचमांश, हेच प्रमाण लावायचे.

मार्कअप किती असावा हा वेगळा विषय आहे. कर विभागाला तो बाहेरच्या गिऱ्हाइकाला लावला असता तितका हवा असतो आणि त्याची कागदपत्रे ठेवावी लागतात. एकत्रीकरणात मार्कअप बदलत नाही. तो योग्य असो वा अयोग्य, प्रत्यक्ष बिलात जेवढा लागला तेवढाच काढायचा.

आधी शिल्लक जुळवू

वर्षभरात मुख्य कंपनीने ९,६०,००० खर्चाचा माल १२,००,००० ला बिल केला. सुरुवातीची शिल्लक शून्य. वर्षाअखेरीस मुख्य कंपनीच्या वहीत उपकंपनीकडून येणे ६,००,००० दिसते, तर उपकंपनीच्या वहीत देणे फक्त ३,५०,०००. फरक अडीच लाखांचा. दोन्हीकडची खाती शेजारी ठेवून बिल नंबराने एकेक नोंद टिकमार्क करत गेल्यावर दोन नोंदी सुट्या राहिल्या.

पहिली, वर्षाच्या शेवटच्या दिवशी निघालेले १,५०,००० चे बिल. माल गाडीत होता, उपकंपनीच्या गोदामात पोचला नव्हता, म्हणून तिने खरेदी लिहिलीच नाही. दुसरी, उपकंपनीने त्याच दिवशी पाठवलेले १,००,०००. तिच्या बँकेतून ते गेले, मुख्य कंपनीच्या खात्यात दोन दिवसांनी आले.

| | मुख्य कंपनी: येणे | उपकंपनी: देणे |
|---|---|---|
| वहीतली शिल्लक | ६,००,००० | ३,५०,००० |
| वाटेतला माल | – | + १,५०,००० |
| वाटेतले पैसे | − १,००,००० | – |
| जुळलेली शिल्लक | ५,००,००० | ५,००,००० |

या दोन दुरुस्त्या एकत्रीकरणाच्या कागदावर होतात. वाटेतला माल हा समूहाचा साठा आहे आणि वाटेतले पैसे समूहाचीच रोकड. त्या या कागदावर यायलाच हव्यात, नाहीतर समूहाच्या ताळेबंदातून दोन्ही गायब होतात. नंतर ५,००,००० चे देणे नावे आणि ५,००,००० चे येणे जमा करून दोन्ही शिल्लका काढून टाकायच्या. त्याचबरोबर १२,००,००० ची विक्री नावे, तितकीच खरेदी जमा. या नोंदींनी समूहाच्या नफ्यात एका पैचाही फरक पडत नाही. फक्त फुगलेली उलाढाल खाली येते.

फरक सापडत नाही तेव्हा तो ‘किरकोळ’ म्हणून सस्पेन्समध्ये टाकू नका. एकूण फरक छोटा असला तरी त्यामागे दोन मोठ्या, एकमेकींना झाकणाऱ्या चुका असू शकतात. फरकाला दोनाने भागून पाहा: तो आकडा एखाद्या क्रेडिट नोटेशी जुळला, तर ती नोट बहुधा चुकीच्या बाजूला लिहिली गेली आहे. फरक एखाद्या बिलावरच्या कराइतका असेल, तर एकीने कर धरून रक्कम लिहिली आणि दुसरीने कर वगळून.

आणि उलटही घडते. शिल्लक तंतोतंत जुळते आणि तरीही हिशेब चुकलेला असतो. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात गेलेल्या मालाचे बिल मुख्य कंपनीने केलेच नाही आणि उपकंपनीने बिलाअभावी आवक लिहिली नाही, तर दोन्ही वह्या एकमेकींशी छान जुळतील. माल मात्र कोणाच्याच साठ्यात नसेल. म्हणून आम्ही शेवटच्या काही दिवसांच्या गेट पास आणि पावती-नोंदीही मागवतो.

आता साठ्यातला नफा

उपकंपनीने वर्षभरात, बिलाच्या किमतीने ८,५०,००० चा माल बाहेरच्या गिऱ्हाइकांना १०,२०,००० ला विकला. तिच्या गोदामात २,००,००० चा माल उरला. वाटेतला १,५०,००० चा मालही आता तिच्याच साठ्यात धरला आहे, म्हणून शिल्लक साठा ३,५०,०००.

या साठ्याचा एक पंचमांश, म्हणजे ७०,०००, हा मुख्य कंपनीने बिलात धरलेला पण समूहाच्या हाती अजून न आलेला नफा आहे. माल बाहेरच्या गिऱ्हाइकाकडे गेला की तो खरा होईल. तोपर्यंत विकलेल्या मालाचा खर्च ७०,००० ने नावे, साठा ७०,००० ने जमा. साठा ३,५०,००० वरून २,८०,००० वर येतो, आणि तोच समूहाचा खरा उत्पादन खर्च.

ताळा करून पाहू. स्वतंत्र वह्यांत मुख्य कंपनीचा नफा २,४०,०००, उपकंपनीचा १,७०,०००, मिळून ४,१०,०००. त्यातून ७०,००० वजा जाता ३,४०,०००. दुसऱ्या वाटेने पाहा: समूहाने बाहेर १०,२०,००० ची विक्री केली. त्या मालाचा मूळ खर्च ८,५०,००० च्या ८० टक्के, म्हणजे ६,८०,०००. नफा ३,४०,०००. दोन्ही वाटांनी एकच उत्तर आले. हा ताळा न जमल्यास पुढे जाऊ नका.

चुका कुठे होतात तेही याच आकड्यांवर दिसते. साठ्यावर थेट २५ टक्के लावले तर ८७,५०० येतात. वाटेतला माल विसरला तर फक्त ४०,०००. दुसरी चूक आम्हाला जास्त आढळते, कारण वाटेतला माल शिल्लक जुळवणाऱ्याच्या कागदावर असतो आणि साठ्याचा नफा काढणाऱ्याला गोदामाची यादीच दिली जाते.

माल मुख्य कंपनीने विकला आहे म्हणून हे ७०,००० पूर्णपणे तिच्या वाट्यातून जातात. उपकंपनीने मुख्य कंपनीला विकला असता आणि तिच्यात बाहेरच्यांचा २० टक्के हिस्सा असता, तर त्यातले १४,००० त्यांच्या नफ्यातून कमी केले जातात. मुख्य कंपनीने मात्र आपल्या नफ्यावर कर भरलेला असतो. म्हणून साठा कमी केल्यावर आयएएस १२ प्रमाणे ७०,००० वर पुढे ढकललेल्या कराची मालमत्ता दाखवावी लागते. खरेदीदार कंपनीचा कराचा दर २५ टक्के असेल, तर ती १७,५००.

पुढच्या वर्षी हीच नोंद विसरते

एकत्रीकरणाच्या नोंदी कोणत्याही कंपनीच्या स्वतःच्या वहीत जात नाहीत. वर्ष उलटले की दोन्ही वह्या जणू काही काढलेच नव्हते अशा पुन्हा समोर येतात. म्हणून पुढच्या वर्षी आधी मागच्या वर्षाचे ७०,००० राखीव नफ्याला नावे आणि विकलेल्या मालाच्या खर्चाला जमा करायचे, आणि मग त्या वर्षाच्या शेवटच्या साठ्यातला नफा नव्याने काढायचा. तो समजा १,००,००० असेल, तर वर्षाच्या नफ्यावरचा परिणाम फक्त ३०,००० चा. सुरुवातीची नोंद राहिली, तर मागच्या वर्षीचाच आकडा पुन्हा कापला जातो आणि राखीव नफा मागच्या एकत्रित ताळेबंदाशी जुळत नाही. वर्षाच्या सुरुवातीचा राखीव नफा आम्ही म्हणूनच सर्वांत आधी तपासतो.

परकीय चलन, कर आणि आमच्याकडे पाठवायचे कागद

दोन कंपन्यांचे चलन वेगळे असेल, तर येणे-देणे काढून टाकूनही विनिमय दरातला फायदा-तोटा सहसा एकत्रित हिशेबात उरतो. तो आयएएस २१ प्रमाणेच उरतो, ती चूक नव्हे. त्याला मागे लागून शून्य करू नका. कराचेही असेच: येणे-देणे करासहित जुळवायचे, पण विक्री-खरेदी कर वगळून काढायची. सरकारला द्यायचा किंवा परत मिळायचा कर समूहाबाहेरचा असल्याने तो तसाच राहतो.

वर्षाच्या शेवटी मार्कअप ठरलेल्या पातळीवर आणण्यासाठी फरकाचे बिल काढायचे असेल, तर ते उपकंपनीची वही बंद होण्याआधी काढा आणि ते कोणत्या मालावर आहे ते लिहा. नुसते ‘किंमत समायोजन’ लिहिले तर त्यातला किती भाग शिल्लक साठ्यात धरायचा हे आम्हाला कळत नाही.

बाकी आम्हाला हवे ते एवढेच: दोन्हीकडच्या आपसातल्या खात्यांचे उतारे बिल नंबरासह, समूहाकडूनच घेतलेल्या मालाची वेगळी साठा-यादी, वर्षभरात मार्कअप बदलला असेल तर त्याची तारीख, आणि शेवटच्या आठवड्याच्या गेट पासच्या प्रती. उपकंपनीत बाहेरून घेतलेला आणि समूहाकडून घेतलेला माल एकाच कोडखाली ठेवला असेल, तर ते आत्ताच सांगा. वर्षाअखेरीनंतर तो वेगळा करता येत नाही.